गाणं, डायलॉग आणि बातमीची क्लिप : संहिता लिहितानाच पाहायचा कॉपीराइट

मे २०२५ मध्ये एका लोकप्रिय हिंदी यूट्यूबरने जाहीर आरोप केला. बातम्यांची काही सेकंदांची दृश्यं वापरली म्हणून एएनआय या वृत्तसंस्थेने त्याच्या चॅनेलवर स्ट्राइक, म्हणजे व्हिडिओ काढायला लावणाऱ्या तक्रारी, टाकल्या आणि त्या मागे घेण्यासाठी लाखो रुपयांचा परवाना घ्यायला सांगितलं, असं त्याचं म्हणणं होतं. एएनआयने मानहानीचा दावा लावला आणि प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. त्यानंतर छोटे व्हिडिओ करणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न पडला : चार-पाच सेकंद घेतले तर काय बिघडतं?

उत्तर सेकंदांत मिळत नाही. उचललेला तुकडा तुमच्या व्हिडिओत कोणतं काम करतोय, यावर ते ठरतं. आणि ते काम एडिटिंगच्या टेबलावर नव्हे, संहिता लिहितानाच ठरलेलं असतं. म्हणून एक संहिताच समोर घेऊ.

समजा, लासलगावच्या कांद्याच्या भावावर ९० सेकंदांचा व्हिडिओ करायचा आहे. पहिली ८ सेकंदं १९६० सालच्या एका मराठी चित्रपटगीताची ओळ. पुढची ६ सेकंदं हिंदी चित्रपटातल्या खलनायकाचा गाजलेला डायलॉग, मूळ दृश्यासकट. मग २० सेकंदं एका वृत्तवाहिनीची क्लिप, ज्यात मंत्री निर्यातशुल्काबद्दल बोलतायत. उरलेल्या ५६ सेकंदांत निवेदन आणि त्याच्याखाली एका नव्या गाण्याची धून. अशा संहिता रोज लिहिल्या जातात. हिच्यात उसनं घेतलेलं चार ठिकाणी आहे आणि चारही ठिकाणांचं उत्तर वेगळं आहे.

## एका गाण्याचे तीन मालक

कॉपीराइट म्हणजे एखादी कृती उतरवण्याचा, लोकांपर्यंत पोचवण्याचा आणि तिच्यात बदल करण्याचा हक्क. भारतात त्याचा कायदा १९५७ सालचा आहे आणि २०१२ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. कल्पनेवर किंवा माहितीवर हा हक्क नसतो, ती ज्या रूपात मांडली त्या रूपावर असतो. कांद्याचा भाव कोसळला ही माहिती सगळ्यांची. ती सांगताना कोणी केलेलं चित्रण मात्र त्याचं.

गाणं आपल्या कानाला एकच वस्तू वाटते, पण कायद्याला त्यात तीन दिसतात : शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. वाड्यासारखंच आहे हे. जमीन एकाची, बांधकाम दुसऱ्याचं, आत राहतो तिसरा. एकाने होकार दिला म्हणून बाकीच्यांचा मिळत नाही.

ध्वनिमुद्रणाची मुदत ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं मोजतात. म्हणजे १९६० साली बाजारात आलेली तबकडी १ जानेवारी २०२१ पासून मोकळी आणि १९६५ सालची १ जानेवारी २०२६ पासून. इथवर वाचून बरेच जण खूश होतात आणि इथेच फसतात. शब्दांची आणि चालीची मुदत तबकडीच्या वर्षावर नाही, ती गीतकार आणि संगीतकार कधी गेले यावर मोजतात : मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. गदिमा डिसेंबर १९७७ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ संपेपर्यंत आहे. सुधीर फडके २००२ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या चालींवरचा हक्क २०६२ संपेपर्यंत. या दोघांचं १९६० चं गाणं असेल तर तबकडी मोकळी आणि गाणं बंद, अशी स्थिती होते.

अभंगाचंही तसंच. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत. त्यांना विसाव्या शतकात कोणी दिलेली चाल त्या संगीतकाराची आणि त्याचं ध्वनिमुद्रण कंपनीचं. अभंग हवाच असेल तर पारंपरिक चालीत, आपल्या ओळखीच्या भजनी मंडळाकडून त्यांच्या लेखी संमतीने म्हणवून घ्या. लेखी यासाठी की, गाणाऱ्यांचाही आपल्या सादरीकरणावर स्वतंत्र हक्क असतो.

शिवाय मुदतीचा हा हिशेब भारतापुरता आहे. व्हिडिओ न्यू जर्सीतल्या मराठी घरातही दिसतो आणि अमेरिकेत जुन्या तबकड्यांची मुदत वेगळी मोजतात. इथे मोकळं असलेलं ध्वनिमुद्रण तिकडे अडवलं जाऊ शकतं.

आपल्या संहितेतल्या पहिल्या ८ सेकंदांचा निकाल असा : ओळ फक्त वातावरण तयार करायला घेतली आहे. गाण्याबद्दल संहिता एक शब्दही बोलत नाही. ती परवानगी घेऊन ठेवा, नाहीतर काढा.

## ‘ॲपच्याच लायब्ररीत गाणं होतं की!’

ही शंका अगदी रास्त आहे, कारण इन्स्टाग्राम आणि यूट्यूब शॉर्ट्स दोन्हीकडे हजारो गाणी हाताशी दिलेली असतात. त्या गाण्यांसाठी ॲपच्या कंपनीने संगीत कंपन्यांशी करार केलेला असतो. पण करार त्या ॲपच्या आतल्या वापरापुरता असतो. इन्स्टाग्रामवर गाणं लावून रील तयार केलं, ते डाउनलोड करून यूट्यूबवर चढवलं, की करार मागेच राहिला. दुकानदाराने दुकानात बसून वाचायला दिलेलं मासिक घरी नेण्यासारखं ते झालं.

दुसरी अडचण व्यवसायाची. इन्स्टाग्रामवर बिझनेस अकाउंटला प्रचलित गाणी बहुधा दिसतच नाहीत, वेगळा साठा दिसतो. त्याचं कारण हेच की करार वैयक्तिक वापरासाठी आहे. तुमच्या कांद्याच्या व्हिडिओला एखाद्या खतकंपनीने पैसे दिले असतील, तर वैयक्तिक अकाउंटवरून टाकला तरी तो जाहिरातच ठरतो. तिथे लायब्ररीतलं चित्रपटगीत लावू नका.

यूट्यूबवर लांबीही आडवी येते. शॉर्ट्स आता तीन मिनिटांपर्यंत चालतात, पण एक मिनिटाहून लांब शॉर्टवर कंटेंट आयडीचा दावा लागला तर तो शॉर्ट ब्लॉक होतो. कंटेंट आयडी म्हणजे मालकांनी दिलेल्या नमुन्यांशी प्रत्येक व्हिडिओ ताडून पाहणारी यूट्यूबची स्वयंचलित यंत्रणा. आपला व्हिडिओ ९० सेकंदांचा आहे. निवेदनाखालची ती धून ऐकू येईल न येईल अशी असली, तरी यंत्रणेला ती ओळखू येते आणि व्हिडिओ कोणालाच दिसत नाही. तिथे यूट्यूब स्टुडिओतल्या ऑडिओ लायब्ररीतलं संगीत घ्या, किंवा ओळखीच्या वादकाकडून २० सेकंदांचा नवा तुकडा वाजवून घेऊन तो पुन्हापुन्हा जोडा. ऑडिओ लायब्ररीतल्या काही तुकड्यांना श्रेय द्यावंच लागतं. तसा उल्लेख तुकड्यासमोरच असतो, तो पाहून वर्णनात लिहा.

## डायलॉग : तोंडाने म्हणणं वेगळं, क्लिप उचलणं वेगळं

खलनायकाच्या त्या ६ सेकंदांत काय काय येतं ते पाहा. पडद्यावरचं चित्र आणि ध्वनी निर्मात्याचा. शब्द संवादलेखकाचे, बहुधा कराराने निर्मात्याकडे गेलेले. आणि डायलॉगच्या मागे वाजणारं पार्श्वसंगीत, जे अनेकदा संगीत कंपनीच्या नावावर असतं. म्हणूनच निर्मात्याने काहीच हरकत घेतली नाही तरी संगीत कंपनीचा दावा येतो आणि माणूस चक्रावतो, ‘मी तर गाणं वापरलंच नाही!’ संगीत डायलॉगच्या पोटात होतं.

तेच वाक्य तुमच्या निवेदकाने कॅमेऱ्यासमोर स्वतः म्हटलं, तर चित्र, ध्वनी आणि संगीत तिन्ही बाजूला होतात. उरतात फक्त सहा-सात शब्द. पूर्ण चित्रपटाच्या तुलनेत एक छोटं वाक्य म्हणजे कृतीचा लक्षणीय भाग नव्हे, असं म्हणायला इथे चांगला आधार आहे. यशराज फिल्म्स आणि इंडिया टीव्ही यांच्या वादात २०१२ साली दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठासमोर हाच मुद्दा होता. ग्राहकजागृतीच्या एका जाहिरातीत एका लांबलचक चित्रपटगीताची मूळ ओळ, जेमतेम पाच वेगळे शब्द, आली होती. न्यायालयाने ती इतकी क्षुल्लक मानली की कायद्याने तिची दखल घेऊ नये. हे ठरवताना हानी किती, हेतू काय, असे प्रश्न विचारले.

हा निकाल म्हणजे ‘पाच शब्द चालतात’ असा नियम नाही. एका ओळीत गाण्याचा सगळा जीव असेल आणि ती साबण विकायला वापरली असेल, तर उत्तर बदलेल. तसंच निवेदकाने वाक्याऐवजी पूर्ण प्रसंगच, पात्रं आणि वेशभूषेसह, साकारला तर ते रूपांतर झालं. विडंबन म्हणून सूट मागावी, तर आपल्या कायद्यात विडंबनाचं वेगळं कलम नाही. त्याला टीकेच्या कलमातच जागा शोधावी लागते. म्हणजे ज्या चित्रपटाचं विडंबन करताय, त्याच्यावर किंवा दुसऱ्या एखाद्या कृतीवर काही भाष्य असायला हवं.

नटाचा हुबेहूब आवाज किंवा चेहरा वापरणं हा आणखी वेगळा विषय आहे. अनिल कपूर यांच्या अर्जावर दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये त्यांचं नाव, छबी, आवाज आणि त्यांचं ‘झकास’ हे परवानगीशिवाय व्यापारासाठी वापरायला मनाई केली. तो कॉपीराइट नव्हे, व्यक्तिमत्त्वाचा हक्क. गप्पांच्या ओघात ‘झकास’ म्हणायला कोणाची ना नाही. त्यावर माल विकणं अडचणीचं.

## बातमीची क्लिप आणि ‘रास्त वापर’

आता त्या २० सेकंदांकडे येऊ. चारही तुकड्यांत हाच सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण बचावाला खरी जागा इथे आहे.

कायद्याच्या कलम ५२ मध्ये काही वापरांना सूट आहे. इंग्रजीतून आलेला शब्द ‘फेअर डीलिंग’, आपण ‘रास्त वापर’ म्हणू. खासगी वापर आणि संशोधन, टीका किंवा समीक्षा, आणि चालू घडामोडींचं वार्तांकन, एवढ्या कामांसाठी परवानगी न घेता वापर करता येतो. वार्तांकन करणारा नोंदणीकृत वाहिनीच असला पाहिजे असं कलमात म्हटलेलं नाही. वापर रास्त होता का, हे मात्र न्यायालय प्रत्येक प्रकरणात पाहतं : किती घेतलं, कशासाठी घेतलं, आणि त्यामुळे मूळ मालकाचं गिऱ्हाईक तुटतं का.

आपल्या संहितेचा पहिला खर्डा असा होता :

«निवेदक : मंत्र्यांनी काय म्हटलं ते ऐका. (क्लिप, २० सेकंदं) निवेदक : आता बाजारात काय चाललंय ते पाहू.»

इथे क्लिप म्हणजे आयतं दृश्य. निवेदकाने स्वतः सांगायला हवं होतं ते वाहिनीच्या कॅमेऱ्याकडून सांगून घेतलं. वृत्तसंस्था हेच दृश्य पैसे घेऊन विकते, आणि तुम्ही ते फुकट घेतलंत. बचाव कमकुवत.

दुसरा खर्डा :

«निवेदक : मंत्री म्हणतात, शुल्काचा शेतकऱ्यावर परिणाम झाला नाही. (क्लिप, फक्त तेवढं वाक्य, ५ सेकंदं, चित्र थांबवून) निवेदक : ‘परिणाम नाही’ हे शब्द लक्षात ठेवा. त्याच आठवड्यातला लासलगाव बाजार समितीचा भाव असा…»

आता क्लिप हा पुरावा आहे. तिच्यातल्या विधानावर टीका चालली आहे, म्हणून ती दाखवणं भाग आहे आणि गरजेपुरतीच दाखवली आहे. हा खर्डा वाचून कोणी म्हणणार नाही की मूळ बातमी पाहायची गरज उरली नाही. मी संहिता तपासताना एकच कसोटी लावीन : तुकड्याच्या आधीच्या आणि नंतरच्या वाक्यात त्या तुकड्याबद्दल काही म्हटलंय का? नसेल, तर तो सजावट आहे.

मात्र मंत्र्यांचा चेहरा दिसायलाच हवा का? त्यांनी जाहीर सभेत काय म्हटलं ही माहिती आहे. वाक्य जसंच्या तसं पडद्यावर अक्षरांत लिहा, तारीख आणि ठिकाण द्या, निवेदकाला वाचू द्या. ‘मी असं बोललोच नाही’ असा वाद होण्याची शक्यता असेल तेव्हाच क्लिप लागते.

परवानगी घ्यायचीच झाली तर एक खाचखळगा ध्यानात ठेवा. कोपऱ्यात वाहिनीचं बोधचिन्ह आहे म्हणून दृश्य वाहिनीचंच असेल असं नाही. ते वृत्तसंस्थेकडून विकत घेतलेलं असू शकतं, आणि मग वाहिनीने दिलेला होकार तुमच्या कामाचा नाही. पत्रात सरळ विचारा : हे चित्रण तुमच्या स्वतःच्या कॅमेऱ्याचं आहे का? सोबत कोणते सेकंद, कोणत्या ॲपवर, किती काळ, जाहिरातीचं उत्पन्न मिळणार की नाही, आणि कापून वापरणार का, हेही लिहा. यातलं एक सुटलं की परवानगी तेवढ्यापुरती लंगडी होते.

## ‘मी खाली सौजन्य लिहिलंय’

श्रेय देणं चांगलंच, पण ते परवानगीच्या जागी चालत नाही. शेजाऱ्याची गाडी न विचारता नेली आणि काचेवर ‘गाडी शेजाऱ्यांची’ अशी चिठ्ठी लावली, तर विचारणं झालं असं होत नाही.

वर्णनात `No copyright infringement intended` लिहिण्याने काहीच मिळत नाही. त्याखाली `Section 107` चा उतारा चिकटवलेला असतो, तो अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्यातला आहे. नाशिकमध्ये बसून नाशिकच्या प्रेक्षकांसाठी केलेल्या व्हिडिओवर इथे दावा झाला तर भारतातलं कलम ५२ बोलतं. आणि अमेरिकेतसुद्धा तो उतारा चिकटवल्याने वापर रास्त होत नाही, तो वापरातूनच दिसावा लागतो.

चित्र उलटं करणं, आवाज अर्धा सूर वर नेणं, वेग १.१ पट करणं या युक्त्या त्याहून वाईट. त्यांनी हक्कात काडीचा फरक पडत नाही. उलट आपण दुसऱ्याचं घेतोय हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं, याचा पुरावा तुम्ही स्वतःच तयार करता. याची किंमत मोठी आहे, कारण कलम ६३ खाली जाणूनबुजून केलेल्या भंगाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. धंद्यातल्या फायद्यासाठी केलं नसेल तर न्यायालय कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं म्हटलं आहे.

## दावा आला, स्ट्राइक आली : आता?

दोन्ही गोष्टी एक नव्हेत. कंटेंट आयडीचा दावा बहुधा व्हिडिओ जागेवर ठेवतो आणि जाहिरातीचे पैसे मालकाकडे वळवतो, किंवा व्हिडिओ अडवतो. त्याने चॅनेलला डाग लागत नाही. स्टुडिओत `Erase song` किंवा तो भाग कापायचा पर्याय दिसला तर बऱ्याचदा तिथेच प्रश्न मिटतो.

स्ट्राइक म्हणजे मालकाने रीतसर तक्रार करून व्हिडिओ काढायला लावणं. ९० दिवसांत तीन स्ट्राइक आल्या तर चॅनेल बंद होऊ शकतो. व्हिडिओ स्वतःहून डिलीट केल्याने स्ट्राइक जात नाही, ही चूक घाबरून फार जण करतात. वाटा तीन आहेत : ९० दिवस थांबून आणि यूट्यूबचा कॉपीराइटचा छोटा पाठ पूर्ण करून ती संपू देणं, मालकाला तक्रार मागे घ्यायला सांगणं, किंवा प्रतिनोटीस देणं.

प्रतिनोटीस म्हणजे ‘माझा वापर कायदेशीर आहे’ असं तुम्ही शपथपूर्वक सांगता. ती तक्रारदाराकडे जाते, तुमच्या नाव-पत्त्यासह. त्याला कोर्टात गेल्याचा पुरावा द्यायला अमेरिकेतल्या कामकाजाचे १० दिवस मिळतात. त्याने तो दिला नाही तर व्हिडिओ परत येऊ शकतो. म्हणून कांद्याच्या दुसऱ्या खर्ड्यावर स्ट्राइक आली तर प्रतिनोटीस विचारात घेण्यासारखी आहे. पहिल्या खर्ड्यावर आली तर ती देऊ नका.

स्ट्राइकचा धाक घालून कोणी पैसे मागत असेल, तर आपल्या कायद्यात कलम ६० आहे. निराधार धमकी मिळालेला माणूस स्वतः कोर्टात जाऊन ती थांबवण्याचा हुकूम आणि नुकसानभरपाई मागू शकतो. मात्र समोरच्याने वेळेत स्वतःच दावा लावला तर ही वाट बंद होते. पैसे भरण्याआधी वकिलाला व्हिडिओ आणि संहिता दोन्ही दाखवा.

आणि तेव्हा संहितेत एक गोष्ट आधीच असली पाहिजे. प्रत्येक उसन्या तुकड्यासमोर समासात चार शब्द लिहिलेले हवेत : कुठून, कोणाचं, किती सेकंदं, कशासाठी. आपल्या कांद्याच्या संहितेत ते असे होतील :

«०:०० गाणं : काढलं, त्याऐवजी बाजार समितीतल्या लिलावाचा स्वतः टिपलेला आवाज. ०:०८ डायलॉग : निवेदक स्वतः म्हणेल, एकच वाक्य. ०:१४ मंत्र्यांची क्लिप : ५ सेकंदं, विधानावरच्या टीकेसाठी, वाहिनीचं नाव आणि तारीख पडद्यावर. ०:१९ पासून संगीत : ऑडिओ लायब्ररी, तुकड्याचं नाव आणि डाउनलोडची तारीख नोंदवली.»

‘कशासाठी’च्या रकान्यात काही लिहिता आलं नाही, तर तो तुकडा चित्रीकरणाला जायच्या आधीच खोडा.